परीक्षण आणि गोषवारा

एखाद्या शास्त्रीय नियतकालिकातील निबंधाचे चिकित्सक परीक्षण लिहून आणावे, असे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांस सांगितले म्हणजे जे कागद हाती येतात, त्यांचा साचा आता आमच्या चांगलाच परिचयाचा झाला आहे. पाच पाने असली तर साडेचार पानांत निबंधकार काय म्हणतात ते निबंधकाराच्याच क्रमाने सांगितलेले असते. उरलेल्या अर्ध्या पानात विषय महत्त्वाचा आहे, मांडणी सुबोध आहे, परंतु उदाहरणे आणखी घेतली असती तर बरे झाले असते, अशी तीन वाक्ये येतात आणि परीक्षण संपते. हा दोष केवळ विद्यार्थ्यांचा आहे असे कोणी समजू नये. नावाजलेल्या नियतकालिकांतून पदवीधर विद्वानांच्या सहीने येणाऱ्या परीक्षणांतही तो पुष्कळदा आढळतो. भेद इतकाच की, तेथे भाषा अधिक सफाईदार असल्यामुळे तो चटकन ध्यानात येत नाही.

परीक्षणातील मूल्यमापन किती आणि गोषवारा किती, हे ठरविण्यासाठी आम्ही एक अगदी साधी रीत वापरतो. हातात पेन्सिल घ्यावी आणि ज्या ज्या वाक्याखाली मूळ निबंधकाराने आनंदाने सही केली असती, ते वाक्य पुसट रेघेने खोडावे. हा सर्व गोषवारा होय. मग जी वाक्ये उरतील त्यांतून, नाव बदलून दुसऱ्या कोणत्याही निबंधास जशीच्या तशी लावता येतील, ती खोडावीत. ‘नमुना लहान आहे’, ‘अधिक संशोधनाची आवश्यकता आहे’, ‘लेखकांनी दुसरी बाजू पुरेशी मांडली नाही’ ही वाक्ये ह्या वर्गातली. ती खोटी असतात असे नव्हे. बहुधा खरीच असतात. परंतु पंचांगातले भविष्य ज्या अर्थाने खरे असते, त्याच अर्थाने ती खरी असतात. दोन्ही वेळा पेन्सिल फिरवल्यावर जे उरेल ते परीक्षण. कित्येकदा कागदावर काहीच उरत नाही.

ही रीत नुसती सांगून तिचे मर्म कळावयाचे नाही. म्हणून एक खरे उदाहरण घेऊ. सुदैवाने असे एक उदाहरण उपलब्ध आहे की, ज्यात परीक्षण लिहिणारा स्वतः विद्यार्थीच होता, आणि ज्याचे परीक्षण झाले तो निबंध राजकारणी पुरुषांच्या भाषणांतून व अंदाजपत्रकांच्या चर्चेतून दूरवर पोहोचलेला होता.

सन २०१० च्या मे महिन्यात ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ ह्या नियतकालिकात कार्मेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ ह्या दोघा नामांकित अर्थशास्त्रज्ञांचा ‘ग्रोथ इन अ टाइम ऑफ डेट’ ह्या नावाचा निबंध प्रसिद्ध झाला. निबंध लहान, अवघ्या सहा पानांचा. सरकारी कर्ज आणि देशाच्या उत्पादनाची वाढ ह्यांचा संबंध काय, हा त्याचा विषय. युद्धोत्तर काळापुरते पाहिले तर त्यात वीस प्रगत देशांची १९४६ ते २००९ पर्यंतची आकडेवारी घेतली असून, त्या त्या वर्षी देशाच्या वार्षिक उत्पादनाशी सरकारी कर्जाचे जे प्रमाण पडते त्यावरून वर्षांचे चार गट केले होते: शेकडा ३० पर्यंत, ३० ते ६०, ६० ते ९० आणि ९० च्या वर. ह्या चार गटांतील वाढीचा सरासरी दर अनुक्रमे शेकडा ४.१, २.८, २.८ आणि उणे ०.१ असा निघाला. म्हणजे पहिल्या तीन पायऱ्यांवर फारसे काही बिघडत नाही, आणि ९० चा उंबरठा ओलांडताच वाढ एकाएकी थांबते, असे चित्र वाचकांसमोर उभे राहिले. खर्चात काटछाट करू इच्छिणाऱ्या मंडळींस हा ९० चा आकडा फारच सोयीचा वाटला. इंग्लंडात जॉर्ज ऑस्बोर्न ह्यांनी २०१० मध्ये ह्या संशोधनाचा आधार दिला, आणि अमेरिकेत पॉल रायन ह्यांच्या अंदाजपत्रकी योजनेतही त्याचा दाखला आला.

आता आमच्या नमुनेदार विद्यार्थ्याने ह्या निबंधाचे परीक्षण कसे लिहिले असते, हे कोणासही सांगता येईल. वीस देश, चौसष्ट वर्षे, चार गट, चार आकडे. मग ‘अशा रीतीने लेखकांनी सिद्ध केले आहे की, कर्जामुळे देशाची वाढ खुंटते’ असे एक वाक्य. आणि शेवटी ‘विकसनशील देशांचा विचार अधिक विस्ताराने हवा होता’ अशी लहानशी तक्रार. ह्यातील ‘सिद्ध केले आहे’ हे तीन शब्द आमच्या मते सर्वांत घातक होत. गोषवारा देणारा मनुष्य आपण केवळ दुसऱ्याचे म्हणणे सांगतो आहो अशा समजुतीत असतो. परंतु क्रियापद निवडताना तो नकळत साक्षीदार होऊन बसतो. ‘म्हणतात’, ‘सुचवितात’, ‘दाखवितात’, ‘सिद्ध करतात’ ह्या चार क्रियापदांत चार निरनिराळे निवाडे आहेत. शिवाय दोन गोष्टी एकत्र आढळणे निराळे आणि एकीमुळे दुसरी घडणे निराळे. कर्ज वाढले म्हणून वाढ मंदावली असेल, तसेच वाढ मंदावल्यामुळे करांचे उत्पन्न घटून कर्ज फुगले असेल. चार गटांची सरासरी ह्या दोहोंत निवड करून देऊ शकत नाही. परीक्षणात ‘मुळे’ हा प्रत्यय आला म्हणजे तो कोणी आणला, निबंधकाराने की परीक्षकाने, हे आम्ही नेहमी पाहतो.

परंतु येथे एक आक्षेप येईल. विद्यार्थ्याजवळ मूळ आकडेवारी नाही. त्याच्यासमोर फक्त छापील सहा पाने आहेत. त्याने मूल्यमापन करावे तरी कशाच्या बळावर? हा आक्षेप आम्हांस मान्य नाही. त्या सहा पानांतच एक ठळक खूण होती. लेखकांनी सरासरीबरोबर मध्यकही दिला होता. मध्यक म्हणजे सर्व आकडे लहानमोठे लावून त्यांतला मधला आकडा. आणि त्यांचे स्वतःचेच विधान असे होते की, ९० च्या वरच्या गटात मध्यक पाहिला तर वाढ सुमारे एक टक्क्याने कमी दिसते, सरासरी पाहिली तर कित्येक टक्क्यांनी कमी दिसते. जेथे मध्यक थोडा खाली आणि सरासरी फार खाली, तेथे एखाददुसरा आकडा विलक्षण खोल असून तो सर्वांस खाली ओढतो आहे, हे अंकगणित जाणणाऱ्यास कळावयास हवे. तो आकडा कोणाचा? तो खरोखर कर्जाचाच परिणाम आहे काय? एवढे दोन प्रश्न विचारून विद्यार्थी थांबला असता, तरी त्याचे परीक्षण खरे परीक्षण झाले असते. कारण हे प्रश्न दुसऱ्या कोणत्याही निबंधास लावता येत नाहीत. ते ह्याच निबंधातील ह्याच दोन आकड्यांच्या अंतरातून निघाले आहेत.

प्रत्यक्षात ते काम थॉमस हर्नडन ह्या विद्यार्थ्याने केले. तो मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट येथील शाखेत पदव्युत्तर अभ्यास करीत होता, आणि प्रसिद्ध झालेला एखादा निबंध घेऊन त्यातील निष्कर्ष स्वतः पुन्हा काढून दाखवावेत, असा त्याच्या वर्गातील पाठ होता. लक्षात घ्यावे की, पाठ ‘सारांश लिहा’ असा नव्हता, आणि ‘मत द्या’ असाही नव्हता. ‘पुन्हा काढून दाखवा’ असा होता. त्यास निबंधातले आकडे काही केल्या येईनात. चूक त्याचीच असावी असे प्रथम त्याच्या अध्यापकांसही वाटले. शेवटी त्याने मूळ लेखकांस लिहिले आणि त्यांनी आपला हिशेबाचा तक्ता त्याच्याकडे पाठवून दिला. ही गोष्ट त्यांच्या मोठेपणाची होती हे नमूद केले पाहिजे. त्या तक्त्यावरून हर्नडन व त्याचे अध्यापक मायकेल अ‍ॅश आणि रॉबर्ट पोलिन ह्यांनी जे परीक्षण लिहिले, ते एप्रिल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्या वर्षी ‘केंब्रिज जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’ मध्ये छापून आले.

ह्या परीक्षणाचा गाभा वाचकांस स्वतः करून पाहता येईल इतका सोपा आहे. मूळ लेखकांच्या हिशेबात ९० च्या वरच्या गटात सात देश आले होते. प्रत्येक देशाची त्या गटातील जितकी वर्षे असतील त्यांची सरासरी काढावयाची आणि मग त्या सात सरासऱ्यांची पुन्हा सरासरी घ्यावयाची, ही त्यांची रीत. ग्रीस २.९, आयर्लंड २.४, इटली १.०, जपान ०.७, ब्रिटन २.४, ह्यांची बेरीज ९.४. अमेरिका उणे २.० आणि न्यूझीलंड उणे ७.९; ह्या दोहोंची बेरीज उणे ९.९. शिल्लक उणे ०.५, तीस सातांनी भागले म्हणजे उणे ०.१ च्या आसपास. हाच तो प्रसिद्ध आकडा. ज्याच्या नावाने जगभर चर्चा झाली तो निष्कर्ष पाकिटाच्या पाठीमागे करता येईल एवढ्या बेरजेवर उभा होता, आणि त्या बेरजेत न्यूझीलंडच्या उणे ७.९ खेरीज दुसरे कोणतेही मोठे बळ नव्हते.

मग हा न्यूझीलंडचा आकडा कोठून आला? तो एकाच वर्षाचा, १९५१ सालचा, होता. त्यातही उणे ७.६ च्या जागी उणे ७.९ असे टिपले गेले होते. त्या देशाचे कर्ज ९० च्या वर असल्याची वर्षे वस्तुतः पाच होती. पहिल्या चार वर्षांचे, १९४६ ते १९४९ चे, आकडे ७.७, ११.९, उणे ९.९ आणि १०.८ असे असून ते हिशेबात आलेच नव्हते. पाचही घेतले तर न्यूझीलंडची सरासरी अधिक २.६ होते. ब्रिटनची ह्या गटात एकोणीस वर्षे होती आणि न्यूझीलंडचे एक. परंतु रीत अशी की, एकोणीस वर्षांच्या ब्रिटनला एक मत आणि एका वर्षाच्या न्यूझीलंडलाही एकच मत. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा ह्यांचीही युद्धानंतरची पाच-पाच वर्षे अशीच बाहेर राहिली होती. ह्याशिवाय तक्त्यात सरासरीचे सूत्र लिहिताना ३० ते ४९ ह्या ओळींच्या जागी ३० ते ४४ एवढ्याच ओळी घेतल्या गेल्या, आणि वर्णानुक्रमातले पहिले पाच देश, म्हणजे ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा व डेन्मार्क, अजिबात गळाले.

वर्तमानपत्रांनी ह्या शेवटच्या चुकीचाच गवगवा केला. हार्वर्डच्या पंडिताला एक्सेलमध्ये बेरीज येत नाही, ह्यात सामान्य वाचकास जी गंमत वाटते ती समजण्यासारखी आहे. परंतु परीक्षणाचे परीक्षण करणाऱ्याने येथेच सावध असावे. दोष दाखविणे म्हणजे मूल्यमापन नव्हे. त्या दोषाने निष्कर्ष किती हलतो, हे सांगणे म्हणजे मूल्यमापन. वरच्याच आकड्यांवरून पाहू. फक्त ओळींची चूक दुरुस्त केली तर ह्या गटात एकट्या बेल्जियमची भर पडते. त्याची सरासरी २.६. उणे ०.५ मध्ये ती मिळवून आठांनी भागले म्हणजे ०.३ येतात. म्हणजे ज्या चुकीवर जग हसले तिने निष्कर्ष अर्ध्या टक्क्यानेही हलत नाही. उलट, बाकी सर्व तसेच ठेवून केवळ न्यूझीलंडची चार वर्षे परत आणली तर बेरीज १०.० होते आणि सरासरी एकदम १.४ वर जाते. आणि आकडे एकही न बदलता केवळ प्रत्येक वर्षास एक मत दिले, तर ती १.७ होते. गाजलेली चूक सर्वांत क्षुद्र होती. गंभीर गोष्ट अशी होती की, देशाला एक मत देण्याच्या रीतीने एका अपुऱ्या आकड्याला सातव्या हिश्श्याचे वजन मिळाले होते. एकटा दोष पुरेसा नव्हता. दोन दोष एकमेकांच्या खांद्यावर उभे राहिले होते. सर्व दुरुस्त्या केल्यावर सरासरी निघते ती शेकडा २.२.

हर्नडन व त्यांचे सहकारी हे सर्व सांगतात, आणि म्हणूनच त्यांच्या परीक्षणास आम्ही उत्तम म्हणतो. तरीही ते निर्दोष आहे असे नाही. वर्षास एक मत ही त्यांची रीत जणू उघड उघड न्याय्य आहे, अशा थाटात ती पुष्कळांनी स्वीकारली; परंतु ब्रिटनची १९४६ ते १९६४ ही एकोणीस वर्षे म्हणजे एकोणीस स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. एका देशाचे आजचे वर्ष कालच्या वर्षावर अवलंबून असते. एकाच घरातील एकोणीस माणसांची साक्ष एकोणीस घरांच्या साक्षीइतकी धरता येत नाही. म्हणून देशास एक मत देण्याच्या रीतीलाही काही अर्थ आहे. परीक्षकांनी ही अडचण ओळखली आहे, आणि मूळ लेखकांनी आपल्या रीतीचे समर्थन दिले नाही एवढाच त्यांचा खरा आक्षेप आहे. पण परीक्षणाचा गोषवारा देणाऱ्या असंख्य लेखांत ही मर्यादा पार नाहीशी झाली. वस्तुतः गळालेली सर्व वर्षे परत घेऊन दहा देश झाल्यावर, देशास एक मत ह्या जुन्याच रीतीने हिशेब केला तरी सरासरी १.९ येते. म्हणजे आकडेवारी पूर्ण झाल्यावर दोन्ही रीतींत ०.३ पेक्षा अधिक अंतर राहत नाही, आणि ज्या वादावर एवढी शाई खर्च झाली तो बराचसा आपोआप मिटतो. हा मुद्दा चर्चेत ठळकपणे पुढे आला असता तर पुष्कळ गोंधळ टळला असता, असे आम्हांस वाटते.

मूळ लेखकांचे उत्तरही वाचण्यासारखे आहे. तक्त्यातील चूक त्यांनी तत्काळ कबूल केली. वर्षे मुद्दाम वगळल्याचा आरोप त्यांनी नाकारला. ती आकडेवारी त्या वेळी नुकतीच गोळा होत होती, असे त्यांचे म्हणणे. आणि मुख्य म्हणजे त्यांनी असे दाखविले की, परीक्षकांच्याच दुरुस्त आकड्यांत, ४.२, ३.१, ३.२ आणि २.२ असे उतरते मान आहेच. जास्त कर्जाच्या वर्षांत वाढ कमी, हे तर तुम्हीही मान्य करता! हे उत्तर अंशतः खरे आहे. परीक्षणाने काय पडले आणि काय उभे राहिले, ह्याची वाटणी येथे नीट करावी लागते. कर्ज जास्त असताना वाढ थोडी कमी आढळते, हे उभे राहिले. पडला तो उंबरठा. ९० च्या पलीकडे कडा तुटलेला आहे, ही जी कल्पना धोरणकर्त्यांनी उचलली होती तिला आधार उरला नाही. परीक्षकांनी वरच्या गटाचे आणखी दोन भाग करून पाहिले तेव्हा ९० ते १२० मध्ये २.४ आणि त्याच्याही वर १.६ असा साधा उतार दिसला. आणि त्या उतारातही कारण कोणते व परिणाम कोणता, हा प्रश्न जेथल्या तेथेच राहिला. अमेरिकेचे उणे २.० हे १९४६ ते १९४९ ह्या चार वर्षांचे आहेत. त्या वेळी महायुद्धाचे कारखाने बंद होत होते आणि सैनिक घरी परतत होते. ही घट कर्जाच्या खाती लिहिणे कोणाही समंजस मनुष्यास अवघड वाटेल, आणि हे सांगण्यास तक्ता मागविण्याची गरज नव्हती.

आता आमची पेन्सिल ह्या परीक्षणावर फिरवून पाहावी. त्यातही सारांश आहे. परंतु तो चार गट, चार आकडे आणि सरासरी काढण्याची रीत एवढाच आहे, कारण पुढच्या आक्षेपांस टेकू म्हणून तेवढाच लागतो. निबंधातील इतर पुष्कळ विषय, महागाईचा भाग, उदयोन्मुख देशांचा भाग, परकीय कर्जाचा भाग, ह्यांना त्यांनी जवळजवळ हात लावला नाही, आणि त्याबद्दल कोणी त्यांना अपुरेपणाचा दोष दिला नाही. आमच्या विद्यार्थ्यांस मात्र एखादा परिच्छेद गाळला तर आपण निबंध वाचलाच नाही असे परीक्षकास वाटेल, ह्याची धास्ती वाटते, आणि ती अगदीच निराधार नसते. गुण देणारे पुष्कळजण अजूनही सारांशाच्या पूर्णतेवरच गुण देतात. गेल्या वर्षी आमच्याकडे आलेल्या कागदांत एक कागद केवळ दीड पानाचा होता. त्यात निबंधाचा गोषवारा तीन ओळींत आटोपला होता, आणि उरलेल्या सर्व जागेत सरासरी व मध्यक ह्यांतील अंतर धरून मुलाने एकच शंका विचारली होती. तिचे उत्तर त्यास देता आले नव्हते. आमच्या सहाध्यायी परीक्षकांनी त्यास नापास करण्याची शिफारस केली होती. आम्ही त्यास वर्गातील सर्वांत अधिक गुण दिले, आणि मूळ आकडेवारी कोठे मिळेल ते कागदाच्या समासात लिहून कागद परत पाठविला.